रेषा कधी ओढली?

एक परिचित परवा बोलता बोलता म्हणाला, "माझा सपोर्ट चारपैकी तीन वेळा टिकतो." तो निफ्टी फ्युचर्समध्ये इंट्राडे करतो. आदल्या दिवसाचा व्हॉल्यूम प्रोफाइल लावतो आणि भाव व्हॅल्यू एरियाच्या खालच्या कडेला आला की खरेदी करतो. टार्गेट 20 पॉइंटचं, स्टॉप 60 चा. त्याने वहीत नोंदी ठेवल्या आहेत, म्हणजे ही बढाई नव्हे. तरीही तो आकडा मला टोचत राहिला.

कारण साधं आहे. भाव नाणेफेकीसारखा वर-खाली जातो, त्याला कसलीही आठवण नाही, असं धरा. कुठल्याही जागी खरेदी केली तर 60 पॉइंट खाली जाण्याआधी 20 वर जाण्याची शक्यता 80 पैकी 60, म्हणजे 75 टक्के. चारपैकी तीन! तीन वेळा 20 मिळवायचे, एकदा 60 घालवायचे, हातात शून्य. ब्रोकरेज आणि कर वेगळे. त्याच्या वहीतलं यश सपोर्टचं नसून टार्गेट आणि स्टॉपच्या गुणोत्तराचं असू शकतं.

व्हॉल्यूम प्रोफाइल म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको: कोणत्या भावाला किती सौदे झाले याचा आडवा आलेख, सर्वांत लांब पट्टी म्हणजे पॉइंट ऑफ कंट्रोल आणि तिच्याभोवतीचा 70 टक्के उलाढालीचा पट्टा म्हणजे व्हॅल्यू एरिया. मला बोलायचं आहे ते जागा आणि इशारा यांतल्या फरकाबद्दल. सौदा कुठे करायचा ही जागा. तिथे पोहोचल्यावर काय दिसलं की करायचा हा इशारा. चार्टवर दोन्ही एकत्र दिसतात आणि श्रेय नेहमी जागेला मिळतं.

परिचिताला मी गणित सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी आंधळेपणाने घेत नाही. कडेला आल्यावर हिरवी कँडल वळलेली दिसली तरच घेतो." ठीक आहे. पण मग तीच वळलेली कँडल भलत्या ठिकाणी, जिथे कसलीच कड नाही अशा जागी, घेतली तर काय होतं? तिथेही तोच निकाल येत असेल तर काम कँडलने केलं, कड नुसती साक्षीला होती. आणि दोन्हीकडे निकाल नाणेफेकीइतकाच असेल तर कोणीच काही केलं नाही. हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नव्हता. त्याच्या क्लासमध्येही कोणी विचारला नसावा.

म्हणून खोट्या रेषा लागतात, आणि त्या कशाही ओढून चालत नाही. समजा, सोमवारी खरी कड बाजार उघडला त्या भावापासून 90 पॉइंट खाली होती, मंगळवारी 35, बुधवारी 140. ही अंतरं त्या त्या काळातल्या सरासरी दैनिक हालचालीच्या प्रमाणात मांडायची आणि पत्ते पिसावेत तशी दिवसांमध्ये पिसायची. सोमवारला बुधवारचं अंतर, मंगळवारला सोमवारचं. दिवस तेच राहिले, बाजाराची दिशा तीच राहिली, जवळच्या-लांबच्या रेषांचं प्रमाणही तेच राहिलं. तुटलं ते एवढंच की आदल्या दिवसाच्या प्रोफाइलचा या रेषेशी संबंध उरला नाही. हे हजार वेळा करायचं, प्रत्येक वेळी त्याच टार्गेट-स्टॉपने यशाचं प्रमाण काढायचं, आणि खऱ्या कडेचं प्रमाण त्या हजारांत कुठे बसतं ते पाहायचं.

ही पद्धत नवी नाही. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हच्या कॅरोल ऑस्लर यांनी 2000 साली सहा संस्थांनी ग्राहकांना रोज पुरवलेल्या सपोर्ट-रेझिस्टन्सची परकीय चलनांवर चाचणी घेतली आणि त्या पातळ्या हजारो कृत्रिम पातळ्यांच्या संचांपुढे उभ्या केल्या. खऱ्या पातळ्या सरस ठरल्या. फरक थोडका, पण योगायोग म्हणता येणार नाही असा. मला मात्र जास्त बोलका वाटतो तो दुसरा निष्कर्ष: कृत्रिम पातळ्यांवरूनही भाव निम्म्याहून अधिक वेळा उलटला. ज्याने फक्त खऱ्या रेषा पाहिल्या, त्याला हे कधी कळणारच नाही.

थोडका फरक पकडायला नोंदी मात्र खूप लागतात. टार्गेट आणि स्टॉप सारखे ठेवले, म्हणजे नाणेफेकीचा आकडा 50 टक्के, तर 200 सौद्यांत नुसत्या नशिबाने यशाचं प्रमाण सात टक्के इकडे-तिकडे सहज जातं. चार टक्क्यांचा फरक ओळखायला किमान सुमारे 600 सौदे हवेत. कडेला स्पर्श दोन दिवसांतून एकदा होत असेल तर ही पाच वर्षं झाली.

जरा आडवाट. या आलेखाचा पूर्वज मार्केट प्रोफाइल. तो शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधल्या पीटर स्टाइडलमायर यांचा. 1980च्या दशकात तो लोकांपुढे आला. त्यात दर अर्ध्या तासाला एक अक्षर, आणि भाव जिथे जिथे गेला तिथे ते अक्षर मांडायचं. म्हणजे मोजला जायचा वेळ, उलाढाल नव्हे. 70 टक्क्यांचं बूडही घंटाकृती वक्राच्या मधल्या 68 टक्क्यांत आहे. बाजाराचा रोजचा आलेख घंटेसारखा क्वचितच असतो. बऱ्याचदा त्याला दोन उंचवटे असतात. तरी 70 टक्के राहिले.

आणि इथेच माझी पंचाईत होते. लिहायला बसलो तेव्हा बाजू ठरलेली होती: हाताने ओढलेली रेषा म्हणजे मनाचे खेळ, प्रोफाइल म्हणजे मोजमाप. पण पट्टी एका पॉइंटची घ्यायची की दहाची? प्रोफाइल एका दिवसाचा, की पाच दिवसांचा? 70 टक्के, की 68, की 80? तीन निवडी आणि प्रत्येकी पाच पर्याय धरले तरी 125 वेगवेगळ्या कडा निघतात. त्यांतली सर्वांत चांगली निवडून दाखवली तर ते नजरेचंच काम झालं, फक्त संगणकावर केलेलं. याहून वाईट चूक म्हणजे आजच्या पूर्ण दिवसाचा पॉइंट ऑफ कंट्रोल काढून, दुपारी भाव तिथे "ओढला गेला" असं म्हणणं. भाव दुपारी तिथे रेंगाळला म्हणूनच तर संध्याकाळी तो पॉइंट तिथे निघाला. चाचणीत असा आकडा शिरला तर निकाल इतका सुंदर येतो की त्यावरूनच चोरी ओळखावी.

उलट ऑस्लर यांच्या चाचणीला त्या संस्थांनी रेषा कशा ओढल्या याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांची चाचणी टिकली ती रेषा बाजाराच्या आधी हातात होत्या म्हणून. तेव्हा वस्तुनिष्ठपणा सूत्रात नाही, वेळेत आहे, असं आता मला म्हणावं लागतं. हाताने रेषा ओढणाऱ्याने सकाळी सव्वानऊच्या आत रेषांचे आकडे लिहून द्यावेत, नंतर हात लावू नये. त्या रेषा प्रोफाइलच्या कडेइतक्याच तपासण्याजोग्या आहेत.

इतकंच नव्हे, त्याची नजर प्रोफाइलच्या सूत्राला हरवेल असंही मला वाटू लागलं आहे. ऑस्लर यांनीच 2003 साली दाखवलं की चलनबाजारात नफा घेण्याच्या ऑर्डरी गोल आकड्यांवर दाटलेल्या असतात आणि स्टॉपलॉसच्या ऑर्डरी त्या आकड्यांच्या थोड्या पलीकडे. माणूस हाताने रेषा ओढतो तेव्हा ती नकळत 24,800 वर जाते. प्रोफाइलची कड 24,837 वर येते आणि तिला शेजारच्या गोल आकड्याची खबर नसते. अशी दाटी निफ्टीतही असेल, तर नजर जिंकण्याला कारण आहे. पण मग खोट्या रेषांचा आणखी एक संच हवा: जवळचा पूर्ण शेकडा, बाकी काही नाही. हाताने ओढलेल्या रेषा त्याच्याही पुढे गेल्या पाहिजेत. नाही गेल्या, तर चार्ट उघडायचीही गरज नाही, शंभराचा पाढा पुरे.