केळवलीचा पाऊस

माझ्या आठवणीत केळवली स्टेशनवर मुसळधार पाऊस पडतो आहे. खोपोलीची गाडी यायची आहे. तो माझं फिजिक्सचं जर्नल परत करायला आला आहे, छत्री माझ्यावर धरली आहे आणि त्याचा डावा खांदा पूर्ण भिजला आहे. जर्नलच्या कव्हरवर निळ्या शाईचा पसरलेला डाग आहे, तो त्या पावसाचा. हे चित्र मी जवळजवळ चाळीस वर्षं जपलं. मुलीलाही सांगितलं.

गेल्या वर्षी माहेरचं घर आवरताना माझी 1986ची रोजनिशी सापडली. जर्नल मला मिळालं ते मार्चमध्ये, बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. वहीत लिहिलंय, ऊन मरणाचं होतं, आम्ही नळावर पाणी प्यायलो आणि त्याने ओल्या हातानेच जर्नल पुढे केलं. मार्चमध्ये कर्जत-खालापुरात असा पाऊस कुठला पडायला! मग छत्री कुठून आली?

या प्रश्नाने मी वाचत गेले. ज्या भावनेला आज आपण हळवेपणाने स्मरणरंजन म्हणतो, ती आधी रोग म्हणून ओळखली गेली. 1688 साली बाझेलच्या योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तिला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं. घरापासून दूर असलेली माणसं झुरतात, खात नाहीत, झोपत नाहीत, आणि यावर खरा उपाय म्हणजे त्यांना घरी पाठवणं, असं त्याचं मत होतं. दुखणं जागेचं, म्हणून औषधही जागेचंच.

एकशे दहा वर्षांनी, 1798मध्ये, कांटने त्यावर बोट ठेवलं. घरी परतलेली माणसं हिरमुसतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यांना वाटतं गाव बदललं; खरं तर त्यांना हवं असलेलं तारुण्य तिथे नसतं. हे वाचताना मला शीलाभट्टारिकेच्या नावावरचा संस्कृत श्लोक आठवला. मम्मटाने तो अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त घेतला, म्हणजे कांटच्या कितीतरी आधीचा. त्यातल्या बाईला पहिलं प्रेम मिळालेलं आहे. नवरा तोच, चैत्राच्या रात्री त्याच, वारा तोच, तीही तीच. तरी तिचं मन रेवेकाठच्या वेताच्या कुंजाकडे ओढ घेतं. हरवलेल्या प्रेमासाठी माणूस झुरतं हे सगळ्यांना कळतं. हाताशी असलेल्या प्रेमाच्याही पहिल्या दिवसांसाठी झुरतं, हे तिने ओळखलं. मला हे कांटपेक्षा मोठं वाटतं.

पण तेच दिवस का? 1986मध्येच, योगायोगाने, डेव्हिड रुबिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चाळिशी ओलांडलेल्यांच्या आठवणींत साधारण 10 ते 30 वर्षांच्या वयातल्या आठवणी अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. या वयात पुष्कळ गोष्टी पहिल्यांदा घडतात. पळसदरी, केळवली, डोलवली अशी स्टेशनं मी हजारदा पाहिली, पण त्या हजार फेऱ्यांची मिळून एकच धूसर फेरी उरली आहे. त्याच्यासोबतची फेरी वेगळी राहिली, कारण तिच्याआधी तशी दुसरी नव्हती. शिवाय त्याच वयात ‘मी कोण’ हे ठरत असतं. त्यामुळे पुढे स्वतःबद्दल काहीही सांगायचं झालं की त्या दिवसांना हात लागतोच.

आणि प्रत्येक वेळी हात लागला की रंग थोडा हलतो. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने 1932च्या पुस्तकात याचे प्रयोग मांडले. त्याने लोकांना परक्या संस्कृतीतली एक लोककथा वाचायला दिली आणि मग पुन्हापुन्हा आठवून लिहायला लावली. कथा आखडत गेली. कॅनोची साधी होडी झाली, न पटणारे तुकडे गळाले किंवा ओळखीचे होऊन आले. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नव्हतं. आठवणं म्हणजे हाताशी असलेल्या तुकड्यांतून गोष्ट नव्याने बांधणं, असं त्याने मांडलं.

माझ्या गोष्टीतला तुकडा होता कव्हरवरचा डाग. डागाला पाणी हवं होतं, आणि आमच्या भागात पाणी म्हटलं की मनात आधी पाऊसच येतो. पण एवढ्याने छत्री येत नाही, भिजलेला खांदा येत नाही. तो मी कुठेतरी पाहिलेला असणार. म्हणून रोजनिशी पुढे वाचली. जूनमध्ये सापडला तो पाऊस. निकालानंतर आम्ही केळवलीला भेटायचं ठरवलं होतं. माझ्या त्या दिवसाच्या अक्षरात चार छोटी वाक्यं आहेत:

‘खूप पाऊस. छत्री धरून डावा खांदा भिजला. दोन गाड्या सोडल्या. मग घरी आले.’