साडेतीन मिनिटांचा आठवडा

नारायणगडाच्या पायथ्याच्या गावात रात्र लवकर होते. जेवणं उरकली, गुरांना वैरण पडली की आवाज उरतात ते थोडेच. अशा वेळी ओट्यावर या. फोन वीतभर लांब धरा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि लगेच बोलू नका. एक श्वास आत घ्या, सोडा.

आता तीस सेकंद तुमची आहेत. सावकाश बोललात तर पन्नास-साठ शब्द बसतील. एवढ्यात अख्खा दिवस मावत नाही आणि तो मावावा अशी अपेक्षाही नाही. "आज दिवस बरा गेला" असं म्हणू नका. त्या वाक्यात काहीच दिसत नाही. आज मन जिथं अडलं तेवढंच सांगा. शब्द सुचले नाहीत तर गप्प बसा, पण रेकॉर्डिंग चालू राहू द्या. वेळ संपली की फोन ठेवा. आज पुन्हा ऐकायचं नाही.

सोमवारी सकाळी सातही रात्री ऐका. साडेतीन मिनिटं होतात. फोनमध्ये बोललेलं मराठीत टाइप करून मिळतं, पण मी ते हातानं उतरवायला सांगेन. यंत्राला पुस्तकी मराठीची सवय असते. "मी विचार करायलो" म्हणालात तर ते "करायला" लिहून मोकळं होऊ शकतं, आणि तुमचा चालू असलेला विचार तिथंच अर्धा तुटतो. शिवाय गप्प राहिलेली सेकंदं ते टिपत नाही. हातानं लिहिताना मागं जावं लागतं, एक वाक्य तीनदा ऐकावं लागतं. बोललात तसंच लिहा. गप्प राहिलात तिथं आडवी रेघ ओढा.

समजा, पान असं उतरलं.

सोमवार: बोअर दहा मिनिटं चालायलाय आन् बंद पडायलाय.
मंगळवार: भावाचा फोन आलता. बोलणं झालं नाही.
बुधवार: कापूस वेचायला बाया मिळंनात.
गुरुवार: ———
शुक्रवार: भावाचा फोन आलता. ——— उचलायचा राहिला.
शनिवार: आईला गडावर दर्शनाला नेलं मी. वाटंत दोनदा बसली.
रविवार: पाणी. पाण्याचंच टेन्शन हाय.

आधी नुसतं वाचा. कुणी विचारलं असतं तर हा आठवडा पाण्याचा होता, असंच तुम्ही म्हणाला असता. ते खोटं नाही. आता दुसऱ्यांदा वाचा आणि घरच्या माणसांखाली रेघ मारा. आई एकदा, भाऊ दोनदा.

तिसऱ्यांदा वाचताना फक्त "मी" शोधा. घाई नको. आईच्या वाक्यात तो आहे. भावाच्या वाक्यांत नाही. बोलणं झालं नाही, उचलायचा राहिला. जणू फोन आपोआप राहून गेला. मराठीत असं बोलणं अगदी सरळ आहे, त्यात लबाडी नसते. म्हणूनच ते बोलताना आपल्याला जाणवत नाही. कागदावर आल्यावर जाणवतं.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६ च्या अभ्यासात लोकांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं जड काही लिहायला लावलं होतं. पुढं अशा लिखाणातली सर्वनामं मोजली, तेव्हा ज्यांची "मी" आणि इतर सर्वनामं दिवसागणिक पालटत होती, त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या अधिक घटलेल्या दिसल्या. ते लिखाण होतं, आपलं बोलणं आहे. तरी ती नजर इथं उपयोगी पडते.

आता शुक्रवारचा आवाज एकदाच परत ऐका. "आलता" नंतर किती वेळ गेला? गुरुवारची पूर्ण रेघ या दोन फोनांच्या मध्ये आली आहे, तेही पाहा. त्याचा अर्थ लगेच लावू नका. कदाचित गुरुवारी नुसता थकवा असेल. एका आठवड्यावरून ठरवता येत नाही. चार पानं शेजारी ठेवली तरच सवय आणि योगायोग वेगळे होतात.

तेच वाक्य पानामागून पान तसंच येत असेल आणि झोप उडत असेल, तर रेकॉर्डिंग थांबवा. मग ते घोकणं झालं. तेव्हा जिवंत माणसाशी बोला. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर सरकारी समुपदेशक मराठीतही बोलतात.

तसं नसेल तर पानाखाली ते एक वाक्य "मी" घालून लिहा. मी भावाचा फोन उचलला नाही. स्वतःला दोष देऊ नका, कारण द्या: "कारण" हा शब्द पुढं लिहून थांबा आणि काय येतं ते येऊ द्या. कारण वावराच्या वाटणीचं बोलणं निघंल. कारण आईसमोर ते निघायला नको. एवढं आलं की पेन ठेवा. फोन कधी करायचा, आणि आई घरात नसेल अशी वेळ कोणती, ते उद्या दिवसा ठरवा.