स्थिर आकार कोणी ठरवायचा?

मस्तगड भागातल्या एखाद्या घराला महिनाभर कुलूप असले तरी विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’ लागतोच. जळालेल्या युनिटचे पैसे वेगळे. जोडणीचे एक आणि वापराचे दुसरे, अशी ही दुहेरी आकारणी. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने 1892 मध्येच विजेसाठी ती सुचवली होती.

या आकारणीचा हिशेब पाहू. समजा, एका गल्लीत पाण्याच्या जारचा एकच प्लांट आहे आणि सगळ्या घरांची गरज सारखी आहे. महिन्यातला पहिला जार घराला 40 रुपयांचा वाटतो, दुसरा 38 चा, असा प्रत्येक जार दोन रुपयांनी उतरत जातो. एक जार भरायला मालकाला 10 रुपये पडतात. नुसत्या दरावर कमवायचे तर त्याला 26 रुपये सर्वांत फायद्याचे. घर 8 जार घेते आणि त्याच्या हाती 128 रुपये उरतात. पण नवव्या जारची किंमत घराच्या लेखी 24 रुपये असते, भरायला 10 च लागतात, तरी तो भरला जात नाही. कोणाचाही फायदा न होता पाणी मागेच राहते.

आता मालक जार 10 रुपयांनाच देतो आणि महिन्याची प्रवेश फी लावतो. घर 16 जार घेते. दर देऊनही त्याच्या पदरात 240 रुपयांचे समाधान उरते. अर्थशास्त्रात त्याला संतोषाधिक्य म्हणतात. मालक फी 240 ठेवतो आणि ते सगळे उचलतो. दर 16 केला तर घर 13 जारांवर येते, आणि फी व नफा मिळून 234 च होतात. म्हणून दर खर्चाइतकाच ठेवणे त्याच्याही हिताचे.

मला अस्वस्थ करते ते पुढचे. फी 60 असो की 240, घर 16 जारच घेते. म्हणजे दर हिशेबाने ठरतो. फी किती घ्यावी हे मात्र हिशेब सांगत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. प्लांटचे भाडे आणि यंत्राचा हप्ता मिळून घरामागे 60 पडत असतील, तर वरचे 180 केवळ दुसरा प्लांट नाही म्हणून घेतलेले.

शिवाय खरी घरे सारखी नसतात. एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या लेखी जारची किंमत चार-चार रुपयांनी उतरत असेल, तर ती 8 जार घेईल आणि तिचे संतोषाधिक्य 128 च भरेल. 240 ची फी तिला पाण्यापासूनच तोडते, आणि मालकाच्या वहीत ती फक्त ‘गिऱ्हाईक नाही’ एवढीच दिसते.

विजेच्या बाबतीत 2003 च्या वीज कायद्याचे कलम 45 स्थिर आकाराला मुभा देते. आकडा मात्र राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेऊन मंजूर करतो. तिथे ग्राहकाने विचारायचे ते हेच, की हा आकार तारा, रोहित्रे आणि मीटरच्या खर्चातून निघाला, की आम्हाला दुसरा पर्याय नाही यातून?