बुडालेल्या जहाजाचा हिशेब

४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर 'रॅक' नावाचं मालवाहू जहाज बुडालं. पोटात साठ हजार टन कोळसा आणि सुमारे तीनशे टन इंधन तेल. तेल गळू लागलं, तवंग पसरला, किनाऱ्याला लागला. ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर. मुरुडच्या होड्या ज्या समुद्रात जातात, तोच हा समुद्र. पर्यावरण कायद्यातली दोन तत्त्वं समजून घ्यायला आपल्याला याहून जवळचा खटला नाही.

पहिलं तत्त्व: ज्याने घाण केली, त्याने भरपाई द्यावी. मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी जहाजाच्या कतारमधल्या कंपन्यांना शंभर कोटी रुपये भरायला सांगितलं. कोळसा तळाशी गेला म्हणून मालाशी संबंधित अदानी एंटरप्रायजेसला पाच कोटी. या भरपाईत दोन गोष्टी येतात: ज्यांचं नुकसान झालं त्यांना पैसे, आणि बिघडलेला निसर्ग सावरण्याचा खर्च. 'आम्ही मुद्दाम केलं नाही' हा बचाव अशा अपघातात चालत नाही. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात दोष सिद्ध न करताही जबाबदारी ठरवण्याची तरतूद आहे.

पण माशांच्या मेलेल्या अंड्यांची, पिल्लांची मोजदाद कोण करणार? तिथे अंदाजच करावा लागतो. शिवाय निकालाला पाच वर्षं लागली, आणि परदेशी कंपनीवरचा हुकूम वसूल करणं ही वेगळीच लढाई.

म्हणून मला दुसरं तत्त्व अधिक मोलाचं वाटतं: सावधगिरीचं. गंभीर, भरून न येणारी हानी होण्याचा धोका दिसत असेल, तर विज्ञानाचा पक्का पुरावा मिळेपर्यंत थांबायचं नाही, आधीच आवरायचं. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही तत्त्वं देशाच्या कायद्याचा भाग मानली, आणि सिद्ध करण्याचं ओझंही फिरवलं. आपल्या कामाने हानी होणार नाही, हे काम करणाऱ्याने दाखवायचं, कोळ्याने नव्हे. 'रॅक' प्रकरणातही जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचं होतं का, हा प्रश्न मध्यवर्ती ठरला. तो बंदर सोडण्याआधी विचारला गेला असता, तर शंभर कोटींचा विषयच आला नसता.

तरी स्वतःच्या नुकसानीचा पुरावा मात्र आपल्यालाच द्यावा लागतो. भरपाईचा अर्ज साधारण पाच वर्षांच्या आत करायचा असतो. त्या वेळी कामी येतात ती साधी कागदपत्रं: होडीची नोंदणी, डिझेलची बिलं, मासळी विक्रीच्या पावत्या. तवंग यायच्या आधीच्या दोन-तीन हंगामांच्याही हव्यात, नाहीतर मासळी किती घटली हे दाखवणार कशावरून?