वाट जोजे

रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटं झाली होती. रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीवर रात्रपाळीला मी एकटाच असतो. वॉर्डातून चिठ्ठी येते, मी वाचतो, औषध काढतो, वहीत नोंद करतो. त्या रात्री एक चिठ्ठी माझ्या मोबाइलवर आली. घरून बायकोने फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "समोरच्या बांच्या दारावर ही लावलीय. दाराला कुलूप आहे, आत दिवे चालू आहेत. भाईंना फोन लावला तर तो आतच वाजतोय. खालचे काका म्हणतात, बा गेल्या. तू वाचून सांग ना."

आमच्या बदलापूरच्या इमारतीत गुजराती घर ते एकच. ऐंशी ओलांडलेल्या बा आणि त्यांचा मुलगा. त्याला सगळे भाई म्हणतात. काका नोकरीनिमित्त काही वर्षं सुरतेला राहिलेले, म्हणून इमारतीत गुजरातीचे जाणकार तेच. माझं गुजराती नवापूरचं. तिथल्या रेल्वे स्टेशनातूनच महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते, फलाटावरचं एक बाकडं अर्धं या राज्यात आणि अर्धं त्या राज्यात आहे. लहानपणी आम्ही पाटीवर दोन्ही लिप्या गिरवल्या. शिरोरेघ ओढली की मराठी, सोडली की गुजराती, असं तेव्हा वाटायचं. ते तितकं सोपं नाही हे पुढे कळलं.

फोटो मोठा करून पाहिला. वहीचा फाडलेला कागद, निळं बॉलपेन, घाईचं अक्षर. वरच्या कडेला चिकटपट्टी आणि तिच्यावर मोबाइलच्या फ्लॅशचा पांढरा डाग. पहिल्या ओळीचा मधला भागही त्याच उजेडात पुसला गेला होता. बाकी दिसत होतं ते देवनागरीत मांडायचं तर असं: "बाने द… लई गया छीए. काले सवारे ५ वागे घेर आवीश. मोडुं थाय तो वाट जोजे."

तोवर इमारतीच्या ग्रुपवर काकांचं वाचन सगळ्यांपर्यंत पोचलं होतं. बा गेल्या, तेही काल, दोन वाजता. आणि शेवटी "मोडा" असं लिहिलंय, म्हणजे कुलूप मोडून आत जायला सांगितलंय. दोघा-तिघांनी हातोडीची चौकशीही सुरू केली होती. काकांना मी दोष देत नाही. त्यांनी एकही अक्षर मनचं घातलं नव्हतं. प्रत्येक चूक कागदावर दिसणाऱ्या खऱ्याच खुणेतून निघाली होती, म्हणून ती एक एक करून सोडवावी लागली.

पहिली चूक "गया"ची. बा आणि गया हे दोन शब्द दिसले की मराठी मन लगेच पुढचं वाक्य पूर्ण करतं, कारण आपल्याकडे माणूस "जातो" म्हणजे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण शब्द "बा" नव्हता, "बाने" होता. मराठीत "ने" लागला की करणारा कळतो, रामाने केलं, बाने केलं. गुजरातीत हाच "ने" आपल्या "ला"चं काम करतो. बाने म्हणजे बाला. आणि वाक्याच्या शेवटी "छीए" आहे. ते फक्त "आम्ही" किंवा "आपण" यांच्याशीच येतं. म्हणजे जाणारे "आम्ही", आणि बांना कोणीतरी सोबत नेलंय. बा स्वतः गेल्या असत्या तर आदराने "बा गयां" असं अनुस्वारासह आलं असतं, आणि मृत्यूची बातमी असती तर बहुधा "गुजरी गयां" लिहिलं असतं.

दुसरी चूक "काले"ची. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत "काले" होऊन गेलेल्या दिवसालाही म्हणतात आणि येणाऱ्यालाही. कुठला ते क्रियापद सांगतं. इथे "आवीश" आहे, म्हणजे "येईन". तेव्हा काले म्हणजे उद्या.

तिसरी चूक आकड्याची, आणि ती मला सगळ्यात धोक्याची वाटली. गुजराती "र" हुबेहूब दोनच्या आकड्यासारखा काढतात. "सवारे"मधल्या "रे"चा काकांनी दोन केला. उलट गुजराती पाचाचा आकडा त्यांच्याच "प"सारखा दिसतो, म्हणून खरा पाच त्यांना अक्षर वाटला आणि निसटला. अशा वेळी आकारावर विसंबायचं नाही, जागा पाहायची. "वागे"च्या आधी वेळच येणार, म्हणून तिथला "प" हा पाच. "सवा"च्या पुढच्या दोनावर मात्रा आहे, आणि आकड्याला मात्रा लागत नाही, म्हणून तो "सवारे"चा तुकडा. औषधांच्या चिठ्ठीवर हा धडा आम्हाला फार आधी मिळतो. इन्शुलिनच्या युनिटसाठी कोणी नुसतं इंग्रजी "यू" लिहिलं आणि ते अक्षर वरून जुळलं, तर ते शून्य दिसतं आणि १० युनिटची १०० होतात. म्हणून "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा.

चौथी "मोडुं". गुजरातीत मोडुं म्हणजे उशीर. कुलपाशी त्याचा काही संबंध नाही. मी बायकोला पहिला निरोप तेवढाच पाठवला: "कुलूप तोडू देऊ नकोस. तसं काही लिहिलेलं नाही."

राहिला तो "द". उजेडात बुडालेला शब्द द वरून सुरू होत होता. माझ्या मनाने तो केव्हाच भरला होता: दवाखाने. रात्री उशिरा घाईने घर सोडलं, दिवे चालू राहिले, फोन विसरला, दुसरं काय असणार? मी टाइपही करायला घेतलं होतं. मग थांबलो. गुजरातीत "देश" म्हणजे आपलं मूळ गाव. बांना देशात नेलं असंही ते वाक्य होऊ शकत होतं, फ्लॅशने मात्रा खाल्ली असती तर मला कळलंही नसतं. इथे खिडकीवर अर्धवट दिसणारं औषधाचं नाव मी कधी पुरं करत नाही. वॉर्डात फोन लावतो, लिहिणाऱ्याला विचारतो, त्याने सांगितलेलं परत म्हणून दाखवतो. मग शेजाऱ्याच्या चिठ्ठीला वेगळा नियम का लावावा? लिहिणाऱ्याला विचारणं शक्य नव्हतं, पण कागदाला पुन्हा विचारता येत होतं.

बायकोला सांगितलं, फ्लॅश बंद कर. मोबाइल कागदासमोर सरळ धर. मुलीला दुसऱ्या मोबाइलची बॅटरी कागदाच्या बाजूने, अगदी भिंतीला टेकवून धरायला सांग. तिरका उजेड पडला की चिकटपट्टी चमकत नाही आणि पेनाच्या दाबाने कागदात उमटलेली रेघही दिसते. आणि फोटो नेहमीसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे बारीक रेघा जात नाहीत.

१ वाजून ५ मिनिटांनी दुसरा फोटो आला. मधला शब्द पुरा दिसत होता: दवाखाने. माझा अंदाज बरोबर निघाला. पण त्याच फोटोत चिकटपट्टीखाली आणखी एक शब्द वर आला, ज्याचा मी विचारच केला नव्हता: "बेन,". चिठ्ठी इमारतीसाठी नव्हतीच. भाईंनी ती बहिणीसाठी लिहिली होती. "जोजे" हे एकेरी क्रियापद पहिल्या फोटोतही होतं. शेजाऱ्यांना उद्देशून असतं तर "जोजो" असतं. ती खूण माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी पुढे गेलो होतो, कारण माझं सगळं लक्ष बांच्या जिवाकडे लागलं होतं. अंदाजावर थांबलो असतो तर दवाखाना मिळाला असता, आणि रात्रीच्या गाडीने येणारी बाई मात्र माझ्या भाषांतरात कुठेच नसती.

ग्रुपसाठी मी एवढंच लिहिलं: "बांना दवाखान्यात नेलं आहे. भाई सकाळी परत येतील. कुलपाला हात लावू नका." पूर्ण भाषांतर बायकोला एकटीला पाठवलं, कारण ते एका घरातलं बोलणं होतं: "बेन, बांना दवाखान्यात घेऊन गेलो आहोत. उद्या सकाळी ५ वाजता घरी येईन. उशीर झाला तर वाट बघ." "बेन" तसंच ठेवलं. ताई लिहावं तर ती मोठी असायला हवी, आणि ते कागदावर कुठेच नव्हतं. "उद्या"पुढे मात्र एक ओळ जोडली. चिठ्ठीवर तारीख नाही, पण संध्याकाळी बा गॅलरीत दिसल्या होत्या असं तू सांगितलंस, म्हणजे ती याच रात्री लिहिली असणार. तेव्हा त्यांचा उद्या म्हणजे आपला आज.

बायकोचं उत्तर आलं, "शेवटचे दोन शब्द मला आधीच कळले होते. बाकी काही कळलं नाही, पण कुणीतरी वाट बघायची आहे एवढं कळलं. म्हणून मी जागीच आहे."

पावणेचारला जिन्यात बॅग टेकल्याचा आवाज आला तेव्हा तिने आमचं दार उघडलं. बहिणीने कुलूप पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि पायरीवरच बसली. बायकोने तिचा हात धरून तिला आत आणलं. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला गुजराती. चहा झाला. मग दोघी दार उघडं ठेवून समोरच्या कुलपाकडे पाहत बसून राहिल्या. भाई सहा वाजून वीस मिनिटांनी आले. मोडुं झालंच होतं. बांची धाप उतरली होती, ऑक्सिजन लावला होता, पण त्या बोलत होत्या.

मी साडेआठला घरी पोचलो तेव्हा चिठ्ठी अजून दारावर होती. दिवसाच्या उजेडात ती कुणालाही वाचता आली असती असं वाटलं. कानडी किंवा बंगाली अक्षरं असती तर रात्री ग्रुपवर कोणी बातमी दिली नसती. वाचता येणारा माणूस शोधला असता. गुजराती आपल्याला जवळची, म्हणून आपण विचारत नाही, समजून टाकतो. जवळच्या माणसांच्या बोलण्याचंही आपण हेच करतो. घरात कोणी अर्धं वाक्य बोललं की उरलेलं आपणच भरतो, आणि आपला अंदाज बरोबर निघाला तरी पट्टीखाली राहिलेलं "बेन," आपल्याला कधी दिसत नाही. आज कुणाचं तरी असं अर्धं वाक्य कानावर येईल. ते पूर्ण करण्याआधी उजेड जरा बाजूला धरून पाहूया, आणि तरीही दिसलं नाही तर ती जागा कोरी ठेवून वाट पाहूया.