पाच महिन्यांची वही

गारखेड्यात आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. छत्रपती संभाजीनगरात बहुतेकांचं तसंच आहे. पाण्याचा दिवस ठरलेला असतो, वेळ नसते. त्या रात्री मी पाणी सुटण्याची वाट पाहत जिन्यावर बसले होते. भाची उठून आली. एप्रिलपासून ती मुलीला घेऊन माझ्याकडे राहते. नवरा वाळूजला एमआयडीसीत आहे. मे महिन्यात तो पुण्याला मुक्तांगणमध्ये दाखल झाला आणि पस्तीस दिवस राहून जूनच्या मध्यावर परतला. आल्या आल्या म्हणाला होता, "मी बदललो. घरी चल." तेव्हा मीच तिला अडवलं होतं. लग्न मोडायला आलेल्या जोडप्यांचं समुपदेशन मी बरीच वर्षं केलं आहे. शपथेवर जायचं नाही, महिन्यांवर जायचं, एवढं त्या कामाने मला पक्कं शिकवलं. तिच्या हाती एक वही दिली आणि सांगितलं, तो काय म्हणतो ते लिहू नकोस, काय करतो ते लिही. तेही शक्यतो त्याच्या तोंडून कळलेलं नको.

आता नोव्हेंबर होता. वही तिच्या हातात होती.

"पाच महिने झाले," मी म्हणाले. "सात तारखेला पगार झाला की मुलीच्या शाळेचे पैसे येतात, एकदाही चुकले नाहीत. पाठपुराव्याच्या बैठका त्याने बुडवल्या नाहीत, हे तुझ्या दिराकडून कळलं. पोळा गेला, गणपतीचं विसर्जन गेलं, कर्णपुऱ्याची जत्रा गेली. दिवाळीचा बोनस हातात पडला त्या संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टची मंडळी कुठे बसली होती ते तुला माहीत आहे, आणि तो तिथे नव्हता हेही. साधा मंगळवार कोरडा जाणं वेगळं आणि बोनसची संध्याकाळ कोरडी जाणं वेगळं. अशा चार-पाच संध्याकाळी त्याने काढल्या. मी तर याला पुरावा म्हणेन."

"कशाचा?"

"तो बदलतो आहे याचा."

"मावशी, परीक्षा चालू आहे हे ज्याला माहीत आहे, त्याचं वागणं पुरावा कसं होईल? मी इथे आहे म्हणून तो नीट आहे. मी गेले की परीक्षा संपली. मी परत गेल्यावर तो कसा वागेल, हेच तर मला बघायचंय, आणि ते इथे बसून दिसत नाही."

हा आक्षेप मी पुष्कळ बायकांकडून ऐकलेला होता आणि माझं उत्तर तयार होतं. मी म्हणाले, "दाखवण्यापुरतं वागणं आठवडाभर जमतं. महिनोन्महिने सोंग धरायला माणसाला फार किंमत मोजावी लागते. सोबत सोडावी लागते, संध्याकाळ कुठे घालवायची ते नव्याने ठरवावं लागतं, पैसा दुसरीकडे वळवावा लागतो. एवढं सगळं जो करतो त्याचं आयुष्यच वेगळं होत जातं. मग ते सोंग होतं की नव्हतं, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही."

"मी सासूबाईंसमोर सहा वर्षं सुखी असल्याचं सोंग केलं," ती म्हणाली. "रोज केलं, एकही दिवस चुकले नाही. त्यांना आजही खरं वाटतं. सहा वर्षांत मी सुखी झाले का?"

मी गप्प बसले. खाली रस्त्यावर कुणाची तरी मोटर सुरू झाली, म्हणजे पाणी आमच्या गल्लीपर्यंत येत होतं.

थोड्या वेळाने मी दुसऱ्या बाजूने गेले. "पण तू सोंग करत होतीस तेव्हा आतून तुला सोंगच करायचं होतं. त्याला दारू सोडायची आहे, हे तो स्वतःच म्हणतो."

"मग आपण पुन्हा त्याच्या म्हणण्यावरच आलो की."

खरं होतं. आतलं बाहेरून वाचता येत नाही म्हणून तर मी वही दिली होती, आणि वहीवर शंका येताच मी आतल्याचाच आधार घेतला. "बरं, आतलं सोडून देऊ," मी म्हणाले. "डॉक्टरही ते सोडूनच देतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत व्यसनातून सावरण्याच्या दोन पायऱ्या आहेत. तीन महिने पूर्ण झाले आणि बारा व्हायचे आहेत, तोवर ते सुरुवातीचं सावरणं. बारा महिन्यांनंतर टिकलेलं. आणि सावरणं ठरवताना ओढ धरत नाहीत. ओढ असली तरी माणूस सावरलेला मानतात. त्याच्या मनात दारू येते का, हा तुझा प्रश्नच नको. आली तेव्हा त्याने काय केलं, एवढंच बघ."

"म्हणजे अजून सात महिने."

"सात महिने."

"आणि माझे? तो सावरत असताना माझे महिने कुठल्या पुस्तिकेत मोजतात? मुलगी पहिलीत आहे. रविवारी बाबा येतो, सिद्धार्थ उद्यानात नेतो, संध्याकाळी आणून सोडतो. ती विचारते, आपण आपल्या घरी का जात नाही. आणि मी काय झालेय ते बघ. फोन आला की आधी आवाज ऐकते, शब्द जड आहेत का. रविवारी तो दारात आला की वास घेते. बायको राहिलेच नाही मी, फौजदार झाले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पाळत ठेवणाऱ्याचा विश्वास वाढत नाही, पाळतच वाढते. आणि पाळत सोडायला मी तिला सांगू शकत नव्हते.

नळ फुरफुरला. मी मोटर लावली, तिने हौदाचं झाकण काढलं. पाणी पडायला लागल्यावर तिने एकदम दुसरंच विचारलं. "मी आता परत गेले आणि पुन्हा तेच झालं, तर कोर्ट म्हणेल ना, तूच माफ केलंस?"

मला दास्ताने खटला आठवला, तो मी तिला सांगितला. पुण्यातलं जोडपं, १९५६ सालचं लग्न. बायकोच्या वागण्याला क्रूरता म्हणून नवरा कोर्टात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९७५ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी निकाल लिहिला. क्रूरता झाली, हे त्यांनी मान्य केलं. पण तसं होत असतानाही दोघं नवरा-बायको म्हणून नेहमीसारखे एकत्र राहिले, म्हणजे नवऱ्याने ते माफ केलं होतं, असं ठरवून त्याचं अपील फेटाळलं.

"म्हणजे परत गेले की मागचं पुसलं."

"नाही. त्याच निकालात आहे, ही माफी नेहमी अटीवर असते. पुन्हा गुन्हा करणार नाही, ही ती अट, आणि ती न बोलता धरलेलीच असते. अट मोडली तर माफ केलेलं जुनंही पुन्हा उभं राहतं."

ती हौदात बघत होती. "कोर्टाला अट कळते. आमच्या घरात म्हणतात, एकदा माफ केलं की तो विषय काढायचा नाही. मी परत गेले की पहिल्या दिवसापासून विषय बंद. मग अट कुठे बोलायची?"

"जायच्या आधी. तोंडाने, आणि त्याच्या माणसांसमोर."

"कुठली अट? दारू प्यायची नाही?"

"तीच. दुसरी कुठली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, त्याने माझ्यावर तीनदा हात उचलला. त्यातल्या दोन वेळा तो प्यालेला नव्हता."

मला हे माहीत नव्हतं. सात महिने ती माझ्या घरात होती आणि मी विचारलं नव्हतं, कारण मी गृहीत धरलं होतं. मारणारा दारूत मारतो, दारू सुटली की हात थांबतो, हे मी इतक्या सहज धरून चालले होते की वहीत त्यासाठी रकानाच आखला नव्हता. दारूमुळे मार वाढतो, हे माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांनी सांगितलेलं खरं आहे. पण दारू थांबली म्हणजे मार थांबला, असं त्यातून निघत नाही. माझ्यासारखीने हे विसरावं, याचा मला तेव्हाही त्रास झाला आणि लिहिताना आताही होतो आहे. पाच महिने आम्ही बारकाईने एक गोष्ट मोजत होतो, आणि जिची तिला भीती होती ती दुसरीच होती.

"शुद्धीत होता त्या दोन वेळा काय झालं होतं?"

"एकदा मी आईकडे पैठणला जाते म्हणाले. एकदा दागिने मोडायला नाही म्हणाले."

दोन्ही वेळा ती नाही म्हणाली होती. मी तिच्या हातून वही घेतली. जिन्यातल्या दिव्याखाली पानं उलटली, पण आता कोरडे दिवस शोधत नव्हते, तिने 'नाही' म्हटलेले दिवस शोधत होते. तिने ते लिहून ठेवलेले होते, न सांगता, समासात. सप्टेंबरात तो म्हणाला, गणपतीला घरी ये. ती नाही म्हणाली. तीन दिवस फोन नाही, मग नणंदेचा फोन, त्याने एवढं केलं त्याची हिला किंमत नाही. ऑक्टोबरात त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही सांगितलं. तो 'बरं' म्हणाला आणि रविवारी ठरल्या वेळी मुलीला न्यायला आला. तिसरी नोंद लक्ष्मीपूजनाची. पूजेला ये म्हणाला, ती नाही म्हणाली. पुढे फक्त 'फोन कट' लिहिलं होतं.

"याचं पुढे काय झालं?"

"भाऊबीजेला त्यानेच सांगितलं. म्हणाला, मी मोबाईल भिंतीवर फेकला. दारू नव्हती. तुझा राग आला होता." ती थांबली. "इतकी वर्षं त्याचं प्रत्येक सांगणं 'पण'वर जायचं. मारलं, पण तू बोललीसच तसं. यावेळी 'पण' आला नाही. मी वाट बघितली, आला नाही."

"हे चांगलं आहे," मी म्हणाले.

"फेकला हे?"

"कुणी न विचारता सांगितलं हे. आणि दोष तुझ्यावर टाकला नाही हे."

"आणि हात अजून उठतो, हे? आज मोबाईल होता, कारण मी सतरा किलोमीटर लांब होते. दोन्ही एकाच रात्रीचं आहे, मावशी. तू कुठलं मोजणार?"

मी म्हणाले, दोन्ही मोजायचं. हे उत्तर नव्हे, हे आम्हा दोघींनाही कळलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढ्या काळात तीनदा 'नाही' म्हटलं गेलं होतं: एकदा घरच्यांकडून दबाव आला, एकदा 'बरं' आलं, एकदा मोबाईल फुटला. तीन घटनांवरून सरळ रेघ निघत नाही. कोरडे दिवस दीडशे होते, ते मोजायला सोपे, म्हणून मी त्यांच्यावर टेकले होते.

हौद भरला. मोटर बंद केल्यावर एकदम शांत झालं.

"त्या बैठकांत दारूवरच बोलतात का रागावरही, ते दिराला विचारते," ती म्हणाली. "आणि रविवारी त्याला सांगणार आहे, डिसेंबरात मुलीला मी तीन दिवस पैठणला नेणार, तुझा रविवार चुकेल. विचारणार नाही, सांगणार."

"त्याला बघायला म्हणून?"

"नाही. आईला भेटायचंय म्हणून. एप्रिलपासून मी तिकडे गेलेच नाही, त्याचा रविवार चुकू नये म्हणून." तिने वही बंद केली. "तो काय करतो ते दिसेलच. पण मी वहीसाठी जात नाहीये."

तिने हौदावर झाकण ठेवलं आणि त्यावर वीट ठेवली.