डेगमधील मीठ आणि शागीर्दाचे मौन

ऐरोलीतील एका वलीम्याची कल्पना करा. सभागृहाच्या मागील मोकळ्या जागेत चुली पेटल्या आहेत. उस्ताद असरच्या नमाजसाठी गेले आहेत आणि मटण मुरवण्याचे काम त्यांनी शागीर्दावर सोपविले आहे. उस्तादांच्या वहीत 10 किलो मटणाचे प्रमाण लिहिलेले आहे आणि त्यात मीठ 200 ग्रॅम आहे. आज मटण 20 किलो आणि तांदूळही 20 किलो. मुलाने सकाळीच कागदावर सर्व आकडे दुप्पट करून घेतले होते व त्यात मीठही 400 ग्रॅम झाले होते. मात्र तो कागद हाती घेऊन मीठ मोजताना “आज सर्व काही दुप्पट” हेच त्याच्या मनात घोळत राहिले. त्याने 400 चे पुन्हा दुप्पट केले आणि 800 ग्रॅम मीठ मटणात मिसळले.

अर्ध्या तासाने मसाल्याचे बोट जिभेला लावून थुंकताच त्याला चूक कळली. उस्ताद अजून परतलेले नव्हते आणि पाहणारे कोणी नव्हते.

सूरह अहजाबच्या 5 व्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केले आहे की, माणसाकडून नकळत घडलेल्या चुकीबद्दल दोष नाही. दोष आहे तो अंतःकरणाने जाणूनबुजून केलेल्या कृत्याबद्दल. मीठ दुप्पट होणे या आयतीच्या पहिल्या भागात मोडते. पण बोट जिभेला लागल्यानंतरचा प्रत्येक क्षण दुसऱ्या भागात मोडतो. आता तो गप्प राहिला तर ती चूक राहत नाही, तो निर्णय होतो.

हा निर्णय किती महाग पडतो, हे स्वयंपाकाच्या हिशेबानेच पाहा. बिर्याणीत मीठ दोन ठिकाणी पडते. एक मटणात आणि दुसरे तांदूळ उकळण्याच्या पाण्यात. पाण्यातील बरेचसे मीठ निथळून जाते, तरी 20 किलो तांदूळ साधारण 400 ग्रॅम मीठ आपल्यात शोषून घेतो. म्हणजे संपूर्ण डेगला 800 ग्रॅमच्या आसपास मीठ लागते, आणि तेवढे सगळे आता मटणातच पडले आहे. अशा वेळी तांदळाचे पाणी बिनमिठाचे ठेवले, मटणावरील मसाला शक्य तितका निपटून त्या जागी बिनमिठाचे दही व तळलेला कांदा घातला, तर दम दिल्यावर डेग बहुतांशी सावरते. मटणाचा तुकडा खारटच लागेल, पण शेजारचा भात त्याला सांभाळून घेईल. मात्र हे सर्व तांदूळ उकळण्यापूर्वीच शक्य आहे. खारट पाण्यातून काढलेला भात एकदा मटणावर पसरला की उस्तादांचे कौशल्यही थिटे पडते. बटाटे टाकले की मीठ ओढले जाते, अशी घरोघरी समजूत आहे. परंतु बटाटा जेवढा रस्सा शोषतो तेवढेच मीठ त्याच्याबरोबर जाते, उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो.

तात्पर्य, मुलाच्या कबुलीला वेळ ठरलेली आहे. मगरिबनंतर दिलेली कबुली प्रामाणिक असेल, पण पाहुण्यांच्या ताटासाठी ती निरुपयोगी असेल.

मग नुकसान कोणी भरावे? आपल्या फुकहांनी यावर बारकाईने विचार केला आहे. हनफी मतानुसार सर्वांसाठी काम करणाऱ्या कारागिराच्या हातून, त्याच्या कामामुळेच वस्तू बिघडली तर हेतू नसतानाही भरपाई त्याच्यावर येते, आणि शागीर्दाने उस्तादाच्या सांगण्यावरून केलेल्या कामाची जबाबदारी उस्तादावर. शाफई मताचा कल मात्र हलगर्जीपणा असेल तरच भरपाईकडे आहे, आणि आपल्या कोकणातील बरीच घराणी शाफई आहेत. माझ्या मते येथे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात, कारण मोजलेले पुन्हा न तपासणे ही हलगर्जीच होय.

परंतु भरपाई आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये, पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या घरी पाठविलेले अन्नाचे भांडे रागाच्या भरात फुटल्याचा प्रसंग आहे. पैगंबरांनी (स.) स्वतः तुकडे व सांडलेले अन्न गोळा केले, पाहुण्यांसमोर कोणाची मानहानी केली नाही, आणि फुटलेल्याच्या बदल्यात अखंड भांडे परत पाठविले. नुकसान पूर्ण भरून निघाले आणि माणसाची अब्रूही राहिली.

म्हणून मी मुलाइतकाच उस्तादांकडेही पाहतो. तो मुलगा गप्प राहिला, तर कदाचित मागच्या महिन्यात कांदा करपला तेव्हा सर्वांदेखत पाठीत बसलेली पळी त्याला आठवत असेल. ज्या हाताने चूक कळविणाऱ्याला मारले, त्या हाताला लपविण्याच्या गुन्ह्यात वाटा नाही, असे म्हणता येईल का? आपल्या घरातही मुले काच फुटल्यावर आधी कोणाचे तोंड पाहतात, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

आपल्या गोष्टीतील उस्ताद नमाजहून परततात. मुलगा म्हणतो, “उस्ताद, मीठ दोनदा दुप्पट झालं.” ते क्षणभर डेगकडे पाहतात, मग विचारतात, “तांदळाच्या पाण्यात टाकलंस का?”

“नाही.”

“मग टाकू नकोस. दही आण, आणि यजमानांना बोलाव. त्यांना मीच सांगतो.”